भाऊ ओमानला अडकलाय, वकिलातीत नोंदणी नाही. मदत मिळेल का?

सुरंगी: गुहागरहून लिहितेय. धाकटा भाऊ दीड वर्षापासून सोहारला एसी मेकॅनिक आहे. तीन महिन्यांचा पगार थकलाय आणि पासपोर्ट कफीलकडे. गणपतीला येणार होता, आता म्हणतो, पासपोर्टच देत नाहीत. मस्कतच्या आपल्या वकिलातीत नाव नोंदवायचं राहूनच गेलं. उशीर झाला का?

बंदरवाडी: नोंदणी नसेल तर दारातही उभं करत नाहीत. असेल तर तिकीटसुद्धा तेच काढतात.

खाडीपल्याड: तिकिटाचं खरं आहे, पण नोंदणीशी त्याचा संबंध नाही. तो पैसा समाजकल्याण निधीतला, २००९ पासूनचा. खरोखर हातात काही नाही अशालाच मिळतो, तेही वकिलातीने कागद तपासल्यावर.
ताई, मी मस्कतला अकरा वर्षं काढली. नोंदणी ऐच्छिक आणि फुकट असते, आजही होईल. पासपोर्ट नंबर, पत्ता, फोन, कंपनी, घरचा संपर्क, एवढंच भरायचं. युद्ध-वादळात कोण कुठे आहे हे कळावं म्हणून ती यादी. कंपनी बदलली की आपणच माहिती बदलायची, नाहीतर फोन जुन्या खोलीवर जातो.
पगारासाठी madad.gov.in वर तुम्हीही गुहागरातून तक्रार टाकू शकता. करारपत्र, पगार जमा झालेले शेवटचे महिने दाखवणारं बँक स्टेटमेंट आणि पासपोर्टची झेरॉक्स जोडा. वकिलात कंपनीला पत्र लिहील, फोन करील, पण हुकूम सोडू शकत नाही. खरी तक्रार भावानेच तिथल्या कामगार मंत्रालयात करायची. पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा आहे, हे त्यावरच छापलेलं असतं, तेही तक्रारीत लिहा.
आणि रागाने काम सोडून मित्राकडे जाऊ नये म्हणावं. कंपनी 'पळाला' अशी तक्रार ठोकते, मग उलटाच गुंता.

दर्यावर्दी: माझंही विचारतो. दुबईहून वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करायचंय, हर्णैची जागा विकायची आहे. वकिलात सातबारा बघते का?

खाडीपल्याड: नाही हो. सही तुमचीच आहे, एवढंच ते साक्षांकित करतात. आतला मजकूर आणि सहहिस्सेदारांची भांडणं तुमची तुम्ही बघा! कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरा. लोक नेमकं तेच विसरतात.

सुरंगी: तक्रार टाकली, नंबर मिळाला. भावाने मंत्रालयातही अर्ज दिला. आता कंपनी म्हणते, एका अरबी कागदावर सही कर, लगेच पासपोर्ट देतो.

खाडीपल्याड: सही नको. त्यात 'सगळा पगार मिळाला' असं असू शकतं. फोटो काढून वकिलातीच्या कामगार विभागाला दाखवायला सांगा, आधी भाषांतर वाचा.

सुरंगी: कागदाला हात लावू देत नाहीत म्हणे, फोटो तरी कसा काढायचा?