६०० चौ. फुटांच्या घराचा माल: ठोकताळ्यावर मागवावा का?

नवखा: एकमजली घर, जोत्याचं क्षेत्रफळ २० बाय ३०, म्हणजे ६०० चौ. फूट. चौ. फुटाला सिमेंट ०.४ पोतं, स्टील ४ किलो, वाळू १.८ घनफूट, खडी १.३५ घनफूट धरलं. यादी झाली: २४० पोती, २४०० किलो, वाळू १०.८ ब्रास, खडी ८.१ ब्रास. याच आकड्यांवर माल मागवायला हरकत नसावी, असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

पाणसळ: हरकत नाही. मी ठेकेदारीत आहे आणि हेच आकडे वापरतो. सिमेंटमध्ये दहा टक्के इकडेतिकडे होतं, ते शेवटच्या खेपेत सांभाळता येतं. स्टील थोडं जास्त आलं तर घालून टाका, घर मजबूतच होईल.

ओळंबा: आधी एक सांगा, घर पिलरचं आहे की भिंतींवर स्लॅब टेकणार आहे?

नवखा: लोड बेअरिंग. ९ इंची भिंती, पिलर नाहीत.

ओळंबा: मग स्टीलचा आकडा आत्ताच खोडा. चौ. फुटाला ४ किलो हा पिलर, बीम आणि फुटिंग असलेल्या घराचा ठोकताळा आहे. तुमच्याकडे स्टील मुख्यतः स्लॅब आणि पट्ट्यांमध्येच जाणार. स्लॅब ५ इंचांचा धरला तर काँक्रीट २५० घनफूट, म्हणजे सुमारे ७ घनमीटर. घनमीटरला ८० किलोने ५६० किलो झालं. बाहेरच्या भिंती १०० फूट, आतल्या ४० फूट धरा. जोत्याला एक आणि लिंटेलला एक पट्टा, चार सळ्या १० मिमीच्या. रिंगांसह एका पट्ट्याला पावणेदोनशे ते दोनशे किलो लागतं. छज्जे आणि तुकड्यांत वाया जाणारं मिळवलं तरी एकूण हजार-अकराशे किलो. तुमच्या यादीत २४०० आहेत. हाही अंदाजच, सळईचं अंतर आणि जाडी डिझाइननेच ठरेल.

पाणसळ, "जास्त घालून टाका" हे मला अजिबात पटत नाही. सळ्या फार जवळ आल्या की खडी मध्ये अडकते आणि खाली काँक्रीट पोचतच नाही. फळ्या काढल्या की बीमच्या तळाला खडी उघडी दिसते, ती याचीच खूण.

थापी: माझं घरही ६०० चौ. फुटांचंच, पण जागा चिंचोळी, १२ बाय ५०. शेजाऱ्यांच्या २० बाय ३० घराची विटांची यादी तशीच उचलली आणि लिंटेलच्या वर विटा संपल्या. गवंड्याने वाया घालवल्या असं घरातले अजूनही म्हणतात.

ओळंबा: गवंड्याला दोष देऊ नका. २० बाय ३० चा घेर १०० फूट, तुमचा १२४. २४ फूट जादा भिंत, १० फूट उंच, पाऊण फूट जाड, म्हणजे १८० घनफूट बांधकाम. घनफुटाला १४ विटा धरल्या तर अडीच हजार विटा. दोन्हीकडे गिलावाही वाढला, म्हणजे वाळू-सिमेंटही वाढलं. क्षेत्रफळावरच्या ठोकताळ्याला घराचा आकार कळत नाही.

पाणसळ: आकाराचं मान्य. पण प्रत्येक भिंत मोजून यादी करायची तर मालकाला पहिल्या दिवशी पैशाचा अंदाज कसा द्यायचा? तेव्हा कामाला ठोकताळाच येतो.

ओळंबा: अंदाज द्यायला जरूर वापरा. माझा आक्षेप त्यावर ऑर्डर देण्याला आहे. आणि नवखा, तुमच्या यादीत मुरूमच नाही. जोतं २ फूट उंच ठेवलंत, तर भिंती सोडून आत साधारण ५०० चौ. फूट भराव येईल. वरचं ४ इंची पीसीसी वजा करून दाबलेला मुरूमच ८ ब्रास होतो, सुटा त्याहून जास्त मागवावा लागेल. जोतं फूटभर वाढवलं की आणखी ५ ब्रास, शिवाय जोत्याचं बांधकाम वेगळं. घराचं क्षेत्रफळ मात्र ६०० चं ६००च.

थापी: पायाच्या खोलीचंही तसंच ना? आमच्याकडे काळी माती निघाली, खूप खोल जावं लागलं.

ओळंबा: तसंच. सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो, आणि तो खणल्याशिवाय कळत नाही. म्हणून पाया आणि जोत्याचा माल खड्डे झाल्यावर मोजून आणा, भिंतींचा नकाशावरून मोजा, स्लॅबचा वेगळा काढा. सिमेंट तर एकदम २४० पोती आणूच नका. पडून राहिलेल्या पोत्यात हात घातल्यावर गाठी लागल्या आणि त्या बोटांनी चुरगळेनात, तर ते स्लॅबला वापरू नये.

पाणसळ: सिमेंट टप्प्याने आणायचं हे बरोबर. पण एकूण २४० पोत्यांचा आकडा मी अजूनही धरून ठेवीन. लोड बेअरिंगमध्ये काँक्रीट कमी लागतं, तर भिंतींचा मसाला वाढतो.

ओळंबा: मला तो जास्त वाटतो. स्लॅबला घनमीटरला ८ पोत्यांनी ५६-५७ जातील. उरलेली पावणेदोनशेच्या वर पोती कुठे जाणार ते भागाभागाने मांडून दाखवा, मग बोलू.

नवखा: स्टील आणि मुरूम दुरुस्त करतो. पायाचे दोन खड्डे या आठवड्यात खणून बघतो, खोली कळली की इथेच टाकतो. सिमेंटचं तेव्हाच ठरवू.