रोज रील टाकायची की भाजणी भाजायची?

रोजचीरील: "घरगुती व्यवसायवाल्यांनो, ९० दिवस रोज एक रील टाका. जमत नाही म्हणणारे आळशी. क्वालिटीचं नंतर बघू, आधी दिसा तरी!"

भाजणीवाली: 'आळशी' वाचलं आणि उलथनं खाली ठेवून लिहायला बसले. मी मसाले आणि भाजण्या विकते. धान्य निवडण्यापासून पार्सलच्या चिकटपट्टीपर्यंत सगळं एकटीच करते.

गेल्या वर्षी हे रोजचं व्रत मीही घेतलं होतं. शूटिंग, कापाकापी, गाणं, मजकूर धरून एका रीलला दीड तास, म्हणजे आठवड्याला साडेदहा. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग सगळं वेगवेगळं भाजावं लागतं, प्रत्येकाला आच वेगळी. ३४व्या दिवशी रीलचं कव्हर निवडता निवडता उडदाची डाळ जास्त भाजली गेली. घाईत तशीच दळली. चार वर्षं माझ्याकडून घेणाऱ्या बाईंना कडवट भाजणी गेली. त्या भांडल्या नाहीत, पण परतही आल्या नाहीत.

आता मंगळवारी भाजायला बसते तेव्हाच फोन स्टँडला लावते. पाच-सहा तुकडे मिळतात. गुरुवारी दुपारी त्यातून दोन रील जोडून शेड्यूल करते. रोज फक्त स्टोरी, आणि ती २४ तासांत जाणार म्हणून सजवत बसत नाही. दिवाळीच्या रील श्रावण सरता सरताच शूट करून ठेवते. इन्स्टाग्रामवर ७५ दिवस आधीपर्यंत शेड्यूल होतं आणि दिवाळीआधीचे तीन आठवडे मला मान वर करायला फुरसत नसते.

रोजचीरील: ताई, डाळ तुमची करपली, दोष माझा? मी केक करतो. माझ्या पहिल्या चाळीस रील आज मलाच बघवत नाहीत, पण त्या केल्या म्हणून हात बसला. आठवड्याला दोन करून हात बसायला पाच महिने लागले असते. आणि खंड पडला की अल्गोरिदम शिक्षा करतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

पोस्टमनचा मुलगा: रोज पोस्ट करूच नये. आठवड्यातून दोन वार ठरवावेत. सोमवारी खिडकीवर फार गर्दी असते.

भाजणीवाली: काका, तो पोस्ट वेगळा 😄 पण दोन वारांचं बरोबर आहे.

कॅमेरावाला: शिक्षाबिक्षा काही नसते. गॅप पडला की तेवढे दिवस कमी दिसता, पुढची रील बरी असेल तर चालते. मी चार-पाच छोट्या धंद्यांची खाती सांभाळतो. एका साडीवाल्या ताईंची रील लोक दुसऱ्या सेकंदाला सोडून जायचे. इनसाइट्समधल्या आलेखात सरळ उतार दिसत होता. कारण? सुरुवातीला गरागरा फिरणारा लोगो. तो काढून आधी पदर उलगडला, लोक थांबायला लागले. रोज टाकत राहिल्या असत्या तर तीच चूक ९० वेळा झाली असती.

मात्र हात बसतो हे खरं. नवख्याने महिनाभर रोज करून बघावं, पण थांबायची तारीख आधी ठरवून.

नुसतं_गिऱ्हाईक: रोज टाका नाहीतर वर्षाने, आधी किंमत लिहा! 'किंमत इनबॉक्स' म्हणजे काय? भाजणी आहे की बंगला?

रोजचीरील: विचारल्याने कमेंट वाढतात आणि बोलणं होतं. केकची किंमत वजनावर, सजावटीवर ठरते.

नुसतं_गिऱ्हाईक: मग 'अर्धा किलो इतक्यापासून पुढे' लिहायला बोटं दुखतात का? मी तीनदा विचारलं की चौथ्या वेळी बेकरीत जातो.

भाजणीवाली: शेजारीण भाव पाडेल या भीतीने मीही लिहीत नव्हते. रात्री साडेअकराला 'किती?' 'पाव किलोचे?' 'कुरिअर धरून?' मला दमवलं ते रीलपेक्षा यानेच. किमती लिहिल्यावर मेसेज निम्मे झाले, ऑर्डर तेवढ्याच राहिल्या.

रोजचीरील: भाजणीला एक भाव असतो हो! प्रत्येक गोष्ट स्वतःवरून मोजू नका.

भाजणीवाली: तुम्ही मोजता तरी का? मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला 'कुठून कळलं?' विचारून वहीत लिहिते. बहुतेकांना जुन्या गिऱ्हाइकांनी सांगितलेलं असतं. तुमचे किती केक रीलवरून गेले?

रोजचीरील: वही नाही ठेवत. व्ह्यूज बघतो.

कॅमेरावाला: व्ह्यूजवर मैदा येत नाही दादा. निदान किती जणांनी रील पुढे पाठवली ते बघा.

रोजचीरील: बरं बाबा, 'आळशी' शब्द मागे. ९० दिवस मात्र मागे नाहीत. माझी आजची ६३वी आहे.

नुसतं_गिऱ्हाईक: ताई, उपवासाची भाजणी कशी किलो?

भाजणीवाली: प्रोफाइलवर लिहिलंय!!