एजन्सीमार्फत नेमणूक असताना तक्रार

«पगार एजन्सी देते, लैंगिक त्रास क्लायंटच्या मॅनेजरने दिला. तक्रार कोणाकडे करायची?»

मॅनेजर ज्या कंपनीचा, तिच्याच अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येत कंत्राटदारामार्फत आलेली स्त्रीही येते, त्यामुळे ‘तुम्ही आमच्या पटावर नाही’ हे उत्तर टिकत नाही. प्रत एजन्सीलाही द्या, कारण तुम्हाला साहाय्य करणे तिचेही कर्तव्य आहे. खरी अडचण त्यानंतर येते. माझ्या परिचयातील एका रिसेप्शनिस्टने तक्रार देताच क्लायंटने ‘दुसरी मुलगी पाठवा’ असा मेल केला आणि एजन्सीने तिला त्याच संध्याकाळी घरी बसवले, हे मला आजही सलते. चौकशी चालू असताना समिती दोघांपैकी कोणाची बदली किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा सुचवू शकते, परंतु स्त्रीच्या लेखी विनंतीवरूनच. म्हणून ‘माझी नव्हे, त्यांची बदली करावी’ असे तक्रारीतच स्पष्ट लिहा.