शब्दचर्चा: 'यूज्ड टू' आणि 'वुड', तीनपैकी दोनच वाक्यं का खोडली?

अर्धविराम: भाचीच्या इंग्रजी निबंधातली तीन वाक्यं देतो. 'वी वुड लिव्ह निअर अ रिव्हर. माय ब्रदर वुड हॅव अ बोट. एव्हरी ईव्हनिंग वी वुड रो टू द ब्रिज.' बाईंनी पहिल्या दोन वाक्यांतलं 'वुड' खोडून वर 'यूज्ड टू' लिहिलंय आणि तिसरं तसंच ठेवलंय. आता मराठीत आपण राहायचो, होडी असायची, पुलापर्यंत जायचो असं एका दमात म्हणतो, मग इंग्रजीला मध्येच काय झालं?

शब्दवेडा: सोप्पंय. लिव्ह, हॅव, नो, लाइक, बी ही स्थिती दाखवणारी क्रियापदं, त्यांना 'वुड' कधीच लागत नाही. यादी पाठ करायला सांगा, विषय संपला.

खारूताई: मला तर हे 'यूज्ड टू' कायम छळतं. 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' लिहिलं तेव्हा गेटिंग बरोबर म्हणाले आणि 'आय यूज्ड टू गेटिंग अप' लिहिलं तर चूक, म्हणजे आयएनजी लावायचं की नाही लावायचं एकदाच सांगा ना

काठावरचा: खारूताई, ते प्रकरणच वेगळं. ॲम, इज, वॉज मागे असेल तर अर्थ होतो 'सवय झालीये', तिथे आयएनजी. इथे चाललंय ते 'पूर्वी असं होतं, आता नाही' याबद्दल, त्यात क्रियापद साधं.

आता मूळ प्रश्न. हे 'वुड' म्हणजे 'विल'चा भूतकाळ, पण भविष्यवाल्या 'विल'चा नाही. 'ही विल सिट देअर फॉर अवर्स' म्हणजे तो तासन्‌तास बसून राहतो, त्याचा स्वभावच तो, वेळ आली की हमखास तसंच करणार. तोच अर्थ मागे नेला की 'ही वुड सिट देअर'. म्हणजे 'वुड'ला प्रसंग लागतात, एक झाला, संपला, पुन्हा दुसरा. रोज संध्याकाळी होडी काढली, पुलापर्यंत गेलो, परत आलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे मोजता येतं. नदीकाठी राहणं सलग चाललेलं असतं, ते दर संध्याकाळी नव्याने सुरू होत नाही. होडी मालकीची असणंही तसंच. 'यूज्ड टू'ला मात्र प्रसंगांशी देणंघेणं नाही, ते फक्त 'तेव्हा होतं, आता तसं नाही' एवढं सांगतं, म्हणून सवय आणि स्थिती दोन्हीला चालतं. आपलं 'असायची' दोन्हीकडे खपतं म्हणून आपण फसतो.

शब्दवेडा: म्हणजे मी म्हणालो तेच की.

काठावरचा: पूर्ण नाही. हे बघा: 'व्हेनएव्हर वी व्हिजिटेड, शी वुड बी इन द गार्डन.' यात 'बी' आहे, तुमच्या यादीतलं, तरी वाक्य शंभर टक्के बरोबर. कारण 'आम्ही जेव्हा जेव्हा गेलो' म्हटल्यावर स्थितीचेसुद्धा तुकडे पडले, दर भेटीला एक. यादी पाठ केलेला मुलगा हे वाक्य खोडेल आणि चुकेल. क्रियापद बघू नका, 'किती वेळा?' असं विचारा. उत्तर देता आलं तर 'वुड' चालण्याची शक्यता आहे.

अर्धविराम: शक्यता का, खात्री का नाही? आणि मग भाचीने 'एव्हरी ईव्हनिंग' काढून नुसतं 'वी वुड रो टू द ब्रिज' लिहिलं असतं तर?

काठावरचा: म्हणूनच शक्यता म्हटलं. निबंधाची सुरुवातच त्या वाक्याने केली तर वाचणारा 'इफ' शोधत बसेल, होडी असती तर गेलो असतो वगैरे. 'वुड'ला काळ आधी मांडून ठेवावा लागतो. म्हणून लिहिणारे बहुतेक वेळा एकदा 'यूज्ड टू' किंवा साधा भूतकाळ टाकून जागा-वेळ पक्की करतात आणि पुढची दोनतीन वाक्यं 'वुड'वर चालवतात. दर वाक्यात 'यूज्ड टू' आलं की कान किटतात. नकारात तर आणखी सांभाळा, 'ही वुडन्ट रो' चा अर्थ बहुतेकदा 'वल्हवायला तयारच होईना' असा लागतो, सवय नव्हती म्हणायचं असेल तर 'डिडन्ट यूज टू'.

खारूताई: मग 'आय यूज्ड टू लिव्ह देअर फॉर फाइव्ह इयर्स' हे तरी बरोबर ना?

काठावरचा: नाही हो :) नेमकी पाच वर्षं मोजून दिलीत की तो एक संपलेला तुकडा झाला, तिथे सरळ 'आय लिव्हड'.

शब्दवेडा: बरं, यादी मागे घेतो, पण चष्म्याचं सांगा. 'शी वुड वेअर ग्लासेस' चालेल का? चष्मा घालणं ही क्रिया की स्थिती?

काठावरचा: वाचायला बसली की घालायची असं असेल तर मला चालतं. कायमचाच चष्मा असेल तर मी 'यूज्ड टू' घेईन.

अर्धविराम: आणि कोटाचं? दर हिवाळ्यात तोच कोट, पण हिवाळाभर अंगावर. हा प्रसंग म्हणायचा का?

शब्दवेडा: हिवाळे मोजता येतात ना, मग 'वुड'.

काठावरचा: मी पण तिकडेच झुकतो, पण 'एव्हरी विंटर' लिहिलेलं असेल तरच.