टेबल टेनिस: शेकहँड की पेनहोल्ड? क्लबात नव्या खेळाडूने पकड बदलावी का

अंबडकर: कॉलेजच्या हॉस्टेलवर इतरांचं बघून पेनहोल्डने, म्हणजे रॅकेट पेनसारखी धरून खेळायला लागलो, रॅकेटच्या एकाच बाजूने. आता वय २७. गंगापूर रोडच्या एका क्लबात महिनाभर जातोय, आठवड्यातून तीन संध्याकाळी. सर्व्हिसवर पॉइंट मिळतात, पण बॅकहँडला कोणी लांब कट टाकला की मी नुसता परत ढकलतो आणि पुढचा बॉल स्मॅश होऊन येतो. कोच म्हणतात शेकहँडवर ये, हात मिळवतो तशी रॅकेट धर. बदलू का?

टॉपस्पिन_नाशिक: डोळे झाकून बदल. पेनहोल्ड संपलेली आहे. बॅकहँडच नसेल तर आजच्या वेगात टिकणार कसा? आमच्या क्लबात एकही पोरगा पेनहोल्डने खेळत नाही.

जुनाखेळाडू: बॅकहँडचं म्हणणं बरोबर, पण संपली हे चूक. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या फेलिक्स लेब्रनने एकेरीचं कांस्य पेनहोल्डनेच घेतलं. फरक एवढाच की तो बॅकहँड रॅकेटच्या मागच्या बाजूने मारतो. चीनच्या वांग हाओने हा फटका जगाला दाखवला, २००९ चं विश्वविजेतेपदही जिंकलं.

अंबडकर, तुमची अडचण नेमकी इथेच आहे. पुढच्या बाजूने बॅकहँडला ब्लॉक छान बसतो, कारण येणारा वेग नुसता परत द्यायचा असतो. कट आला की बॉल खाली बसतो. त्याला घासून वर उचलायला रॅकेट खालून वर न्यावी लागते आणि त्या पकडीत मनगट तिथे अडतं. मग उरतो एकच उपाय, डावीकडे सरकून फोरहँड मारायचा. आता पुढचा बॉल बघा. टेबल १.५२५ मीटर रुंद, तुम्ही डाव्या कोपऱ्याच्याही बाहेर उभे. समोरच्याने उजव्या कोपऱ्यात तिरका ब्लॉक केला, तर तीन-चार पावलं कापावी लागतात. कोरियाचा रियू सेउंग-मिन २००४ ला याच पायांच्या जोरावर वांग हाओला हरवून ऑलिंपिक जिंकला. आठवड्यातून तीन संध्याकाळी खेळून ते पाय येत नाहीत.

सिडकोची_मावशी: अरे, पकड बदलायच्या आधी रॅकेट बघ. मी वर्षभर शेकहँडनेच खेळत होते आणि कोपर दुखायचं. निघालं काय, तर हँडल माझ्या हाताला जाड होतं आणि मी मुठीने आवळून धरत होते. बारीक हँडल घेतलं, पकड सैल केली, दुखणं थांबलं.

जुनाखेळाडू: मावशी, त्यांना दुखत नाहीये, पण सैल पकडीचं तुमचं म्हणणं दोन्हीकडे लागू आहे.

पंचवटीचा_पेनहोल्डर: कोच लोकांना शेकहँड शिकवणं सोपं जातं, म्हणून ते तसं सांगतात. शेकहँडवाल्याच्या उजव्या कोपरावर, खिशाजवळ बॉल टाकून बघा. फोरहँड की बॅकहँड हे ठरेपर्यंत बॉल निघून जातो. एकाच बाजूने ब्लॉक करणाऱ्याला तिथे रॅकेट फिरवावीच लागत नाही. शिवाय मनगट मोकळं असल्यामुळे नेटजवळचे छोटे बॉल आणि सर्व्हिस दोन्हीत फायदा. भाऊ सर्व्हिसवर पॉइंट घेतोय, ते उगाच नाही. दहा वर्षांची सवय मोडायची कशाला? मागच्या बाजूला रबर लाव आणि तो फटका शिक.

टॉपस्पिन_नाशिक: सर्व्हिस करताना शेकहँडवालेही मागची तीन बोटं सोडून मनगट मोकळं करतातच की.

जुनाखेळाडू: करतात, आणि लगेच पकड पूर्ववत करावी लागते, नवे खेळाडू तिथेच उशीर करतात. कोपराबद्दल पंचवटीकरांचं खरं आहे, पण मागची बाजू वापरायला लागलात की पेनहोल्डलाही तोच प्रश्न थोडाफार येतो. मागचं रबर रॅकेट जडही करतं, ते मनगटाला जाणवतं. मागची तीन बोटं पसरलेली असतील तर फटका बसणारच नाही, ती वळवून एकावर एक घ्या आणि अंगठा सैल सोडा.

माझं मत सांगतो. कोणाला तरी समोर उभं करून बॅकहँडला वीस लांब कट टाकायला सांगा. महिनाभर मागच्या बाजूने उचला, मग पुन्हा मोजा. निम्मे टेबलावर पडत असतील आणि मनगट दुखत नसेल तर पेनहोल्ड ठेवा. नाहीतर शेकहँड. तिथे हाच फटका लवकर येतो, कारण कोपर पुढे ठेवून हाताचा खालचा भाग मोकळा उघडतो. बदललंत तर पहिले काही महिने हराल आणि फोरहँडही आधी बिघडेल, कारण रॅकेटचा कोन वेगळा बसतो.

पंचवटीचा_पेनहोल्डर: निम्मे म्हणजे फार कडक. मला तो फटका बसायला सहा महिने लागले. एका महिन्यात निकाल लावू नका.

अंबडकर: माझ्या रॅकेटला मागे रबरच नाही, नुसतं लाकूड आहे. आणि बोटं पसरूनच धरतो, आत्ताच बघितलं. आधी रबर लावून घेतो. महिना की सहा महिने, ते कोचशी बोलून सांगतो.