कथेचा शेवट अडलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लघुकथा लिहितेय. वेंगुर्ल्याचा नववीतला अबोल मुलगा. वर्गातल्या एकाशी त्याला मैत्री करायचीय, पण वर्षभरात बोललाय एकदाच, पट्टी परत करताना. त्याच्या वाढदिवसाला हा आईच्या मोबाइलवर लांबलचक मजकूर लिहितो, पुसतो. उरतं एवढंच: 'वाढदिवसाच्या शुभेच्छा. मी, पट्टीवाला.' नाव लिहायला धीर होत नाही.

पावसात रेंज गेलेली, मेसेजखाली घड्याळाचं चिन्ह. पडवीच्या टोकाशी हात उंच धरल्यावर एक टिक उमटते.

इथेच थांबू की उत्तर दाखवू? नंबर आईचा, म्हणजे समोरचा आधी 'कोण?' असंच विचारेल ना? त्या एका शब्दाने हा पोर पुन्हा मिटेल, असं मला वाटतं. शाळेत शिकवणाऱ्यांनी जरूर सांगा.