पेजवर एलएसएन असताना सीएलआर कशाला हवा?

निरंजन: माझ्या मते सीएलआर, म्हणजे डेटाबेसने एखादा बदल उलटवल्याची लॉगमधली नोंद, ही जादाची आहे. क्रॅशनंतर रिडू करताना, म्हणजे लॉगमधले बदल पेजवर पुन्हा लावताना, नोंदीचा एलएसएन, म्हणजे तिचा लॉगमधला क्रमांक, पेजवरच्यापेक्षा मोठा असेल तरच ती लावायची, नाहीतर सोडायची. कितीदाही क्रॅश होऊ दे, उत्तर तेच. मग अनडूच्याही, म्हणजे अर्धवट राहिलेले बदल उलटवण्याच्याही, नोंदी लिहून लॉग का फुगवायचा?

वृंदा: रिडूपुरतं बरोबर आहे, पण अनडू चालू असताना क्रॅश झाला तर? शिल्लक ५००. टी१ या ट्रान्झॅक्शनने एलएसएन १० ला १०० वाढवले, २० ला ५०, झाले ६५०. कमिटआधीच क्रॅश. रिकव्हरीने २० उलटवून ६०० केले, पेज डिस्कवर गेलं आणि पुन्हा क्रॅश. पेजवर एलएसएन २०च आहे, त्यामुळे दुसरी रिकव्हरी २० पुन्हा उलटवते: ५५०. मग १० उलटवते: ४५०. मूळ शिल्लक ५०० होती!

सिद्धेश: मग उलटवताना पेजचा एलएसएन २० वरून १० वर मागे घ्या. पुढच्या वेळी रिडू २० पुन्हा लावेल, अनडू पुन्हा काढेल. हिशोब जुळला.

वृंदा: पेजवर टी१ एकटाच असेल तर जुळतो. त्याच पेजवरच्या दुसऱ्या रांगेत टी२ने २५ ला ७ वाढवून कमिट केलं असेल तर? पेजवर १० लिहिलंत तर २५ पुन्हा लागते आणि ७ चे १४ होतात. २५ राहू दिलंत तर २० उलटवल्याची खूण कुठेच उरत नाही. तो आकडा ‘इथपर्यंतचं सगळं लागलंय’ एवढंच सांगतो, मधली एक नोंद त्यातून वगळता येत नाही.

म्हणून उलटवणं हाही नवा बदल मानायचा. एलएसएन ३० चा सीएलआर: ५० वजा, पुढे उलटवायची नोंद १०. तो लॉगमध्ये आधी पोचतो, पेज नंतर. पेज डिस्कवर गेलं असेल तर रिडू ३० पर्यंतचं सगळं सोडतो; गेलं नसेल तर क्रमाने लावतो. दोन्हीकडे ६००. अनडूला टी१ची शेवटची नोंद ३० दिसते, तिथून तो थेट १० वर जातो. सीएलआर स्वतः कधीच उलटवला जात नाही.

मानसी: आमच्याकडे पोस्टग्रेस आहे. वीज गेली आणि एक पेज अर्धं नवं, अर्धं जुनं राहिलं. पूर्ण पेजची प्रत लॉगमध्ये ठेवणारं `full_page_writes` आम्हीच बंद केलं होतं. लॉग वाचून दाखवणाऱ्या `pg_waldump` मध्ये सीएलआर शोधला, सापडला नाही. तो असता तर वाचलो असतो का?

वृंदा: नाही. पोस्टग्रेस रोलबॅकला पेज उलटवतच नाही. रद्द झालेली आवृत्ती पेजवर पडून राहते, वाचताना वगळली जाते. तुमचं पेज फाटलं. एलएसएन हेडरमध्ये असतो. हेडर नवं पोचलं आणि बाकीचं जुनं राहिलं, तर रिडू त्या आकड्यावर विसंबून नोंदी सोडून देतो. तिथे चेकपॉइंटनंतरची पूर्ण पेजची प्रतच लागते.

निरंजन: ‘५० वाढवा’ऐवजी ‘६०० चे ६५०’ असं लिहिलं तर? जुनी किंमत कितीदाही परत ठेवा, बिघडत नाही.

सिद्धेश: पण रोज चालू असतानाही रोलबॅक होतात ना? टी१ रोलबॅक झाला, मग टी३ने तीच रांग ९०० करून कमिट केलं, मग क्रॅश. लॉगमध्ये टी१ उलटवल्याची नोंदच नाही, म्हणून रिकव्हरी त्याला अर्धवट समजून शेवटी ५०० परत ठेवेल. टी३चं कमिट गेलं.

निरंजन: रोलबॅकचं पटलं. पण रिस्टार्टच्या अनडूत, नवी ट्रान्झॅक्शन्स थांबवून आणि शेवटी चेकपॉइंट घेऊन, जुन्या किमती पुरतील असं मला अजून वाटतं. टी२चं उदाहरण त्या पद्धतीने मांडून इथेच टाकतो.

वृंदा: मांडताना इंडेक्सचं पेज मधे फुटून रांग दुसऱ्या पेजवर गेली आहे, असंही धरा.